मुलांना शिकवायला माझा वापर होतो

नोकरीच्या अर्जात एखादी शिक्षिका लिहिते, ‘आय ॲम यूज्ड टू टीच स्मॉल चिल्ड्रन.’ तिच्या मनात काय आहे? लहान मुलांना शिकवायची मला सवय आहे, असं असेल. पूर्वी मी लहान मुलांना शिकवायचे, असंही असेल. मी लहान मुलांनाच शिकवते, असंही असू शकेल. कागदावर उतरलेल्या वाक्याचा अर्थ मात्र यांपैकी एकही नाही. ते वाक्य सांगतं की लहान मुलांना शिकवण्यासाठी माझा वापर केला जातो. जणू बाई म्हणजे खडू किंवा फळा. वाचणारा संदर्भावरून समजून घेतो, हसतो किंवा हसत नाही, आणि पुढच्या अर्जाकडे वळतो.

ही चूक व्याकरणात कच्च्या असलेल्या माणसांचीच असते असं नाही. चांगलं इंग्रजी बोलणारे, इंग्रजीत अहवाल लिहिणारे लोकही इथे अडखळतात. याचं कारण असं की दिसायला जवळजवळ सारख्या तीन रचना इंग्रजीत शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला ‘वुड’ नावाचा चौथा सोबती आहे, जो त्यांच्यातल्या एकाचं काम अधूनमधून करतो. आपल्याला मात्र शाळेत ‘यूज’ म्हणजे वापरणे एवढंच पहिल्यांदा शिकवलेलं असतं, आणि तो अर्थ डोक्यातून जात नाही.

तिन्ही रचना एकदा शेजारी ठेवून बघू. ‘आय यूज्ड टू टीच’ म्हणजे मी पूर्वी शिकवायचे, आता शिकवत नाही. ‘आय ॲम यूज्ड टू टीचिंग’ म्हणजे मला शिकवण्याची सवय आहे, त्याचं मला काही वाटत नाही. ‘चॉक इज यूज्ड टू राइट’ म्हणजे खडू लिहायला वापरतात. पहिल्या वाक्यात ‘ॲम’ नाही. दुसऱ्यात ‘ॲम’ आहे आणि ‘टीच’ला ‘आयएनजी’चं शेपूट आहे. तिसऱ्यात ‘इज’ आहे पण शेपूट नाही. अर्ज लिहिणाऱ्या बाईंनी दुसऱ्या वाक्याचं डोकं आणि तिसऱ्या वाक्याचं धड जोडलं, म्हणून त्या खडू झाल्या.

कानाने ऐकलं तर यांतला एक वेगळा काढता येतो. ‘वापरणे’ या अर्थाचा ‘यूज्ड’ इंग्रज माणूस ‘यूझ्ड’ असा उच्चारतो, त्यात मधमाशीच्या गुणगुणीसारखा घोष असतो. पण ‘पूर्वी करायचो’ आणि ‘सवय आहे’ या दोन्ही अर्थांत तो ‘यूस्टु’ म्हणतो. पुढच्या ‘टू’मधल्या अघोष ‘ट’ने आधीचा ‘झ’ ओढून ‘स’ केला आणि दोन शब्दांचा एकच शब्द झाला. आपण मात्र तिन्ही ठिकाणी ‘यूज्ड टू’ असं अक्षरावर अक्षर ठेवून म्हणतो, त्यामुळे फरक सांगणारी एकमेव खूणही आपल्या कानावर पडत नाही.

मुळात ही सगळी एकाच घरातली भावंडं. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या ‘यूज’ या क्रियापदाला मध्ययुगात ‘वापरणे’ याबरोबरच ‘वहिवाट ठेवणे, नेहमी करणे’ असाही अर्थ होता. त्या अर्थाने ते वर्तमानकाळातही चालायचं. शेक्सपिअरच्या काळातला माणूस ‘मी अमुक करत असतो’ हे ‘आय यूज टू’ असं म्हणू शकत होता. पुढे वर्तमानकाळातला तो प्रयोग मरून गेला आणि भूतकाळातला तेवढा उरला. म्हणून आज ‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळच नाही. आपल्याकडे ‘आय यूज टू गो टू जिम एव्हरी डे’ असं सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्याला वाटतं, भूतकाळाला ‘यूज्ड’ तर वर्तमानकाळाला ‘यूज’. तर्क सरळ आहे, फक्त चारशे वर्षं उशिरा आलेला आहे. आज तिथे साधं ‘आय गो टू जिम एव्हरी डे’ पुरतं, फार तर ‘आय यूज्वली गो’.

आता पहिल्या रचनेपाशी जरा थांबू, कारण तिच्यात एक न बोललेली गोष्ट लपलेली आहे. ‘माय फादर यूज्ड टू वर्क इन मुंबई’ असं म्हटलं की ऐकणारा आपोआप धरून चालतो की वडील आता तिथे काम करत नाहीत. निवृत्त झाले असतील, बदली झाली असेल किंवा ते हयात नसतील. वाक्यात ‘आता नाही’ असे शब्द कुठेच नाहीत, तरी तो अर्थ पोचतो. त्यामुळे मुलाखतीत ‘आय यूज्ड टू हँडल अकाउंट्स’ म्हणणाऱ्याला लगेच प्रश्न येतो: मग सोडलं का? सध्या तेच काम करणाऱ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं तर त्याने नकळत स्वतःची नोकरी सोडलेली असते. बोलणारा हा अर्थ पुसू शकतो, ‘यूज्ड टू, अँड स्टिल डू’ असं म्हणून. पण पुसावा लागतो, यावरूनच तो तिथे होता हे कळतं.

मराठीत हे काम करणारी रूपं आपण विचार न करता वापरतो. ‘जायचो, यायचो, म्हणायची’ हे बोलण्यातलं रूप; व्याकरणकार त्याला चाख्यात म्हणतात. ‘जाई, येई, म्हणे’ हे गोष्टीतलं, लिहिण्यातलं रूप. त्याला ई-आख्यात म्हणतात आणि त्याच्या काळाला रीतिभूतकाळ. ‘जात असे’ हे तिसरं, जरा पुस्तकी. म्हणजे भूतकाळातली रीत सांगायला आपल्याकडे साधनांची चणचण नाही. उलट इंग्रजीपेक्षा एखादं जास्तच आहे. ‘जायचो’ म्हटलं की ‘यूज्ड टू गो’, एवढं बहुतेकांना जमतं. अडचण पुढे आहे, आणि ती ‘वुड’ने सुरू होते.

‘वुड’ हे ‘विल’चं भूतकाळी रूप. पण ते इतक्या कामांना जुंपलेलं आहे की ते एकटं भेटलं तर ओळखू येत नाही. ‘आय वुड लाइक टी’ म्हणजे मला चहा हवाय. ‘आय वुड गो, बट’ म्हणजे गेलो असतो, पण. आणि ‘एव्हरी संडे ही वुड गो फिशिंग’ म्हणजे दर रविवारी तो मासे पकडायला जाई. या तिसऱ्या अर्थी ‘वुड’ वापरायचा तर ऐकणाऱ्याला आधी त्या काळात नेऊन बसवावं लागतं. लहानपणी, त्या उन्हाळ्यात, आजोबा होते तेव्हा, असा काळाचा पाट आधी मांडायचा आणि मग ‘वुड’ वाढायचा. नुसतंच कुणाला भेटून ‘आय वुड गो टू शिवाजी पार्क’ म्हटलं तर समोरचा थांबून राहतो. त्याला वाटतं, आता ‘जर’ येईल किंवा ‘पण’ येईल. ‘आय यूज्ड टू गो टू शिवाजी पार्क’ म्हटलं तर तो थांबत नाही, कारण हे वाक्य आपला काळ आपल्याबरोबर घेऊन येतं.

भारतीय इंग्रजीत आणखी एक गोंधळ मिसळतो. आपण ‘आय वुड बी कमिंग टुमॉरो’ असं म्हणतो, कारण ‘विल’पेक्षा ‘वुड’ नम्र वाटतो. त्या सवयीने ‘वुड’ आपल्या कानाला भविष्याकडे वळलेला शब्द वाटू लागतो, आणि मग इंग्रजी कादंबरीत पानभर ‘ही वुड, शी वुड’ आलं की नवा वाचक गोंधळतो: हे घडलं होतं, घडणार होतं, की घडलं असतं?

‘वुड’ची दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. तो फक्त पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीला चालतो, नुसत्या स्थितीला चालत नाही. जाणं, येणं, खाणं, ओरडणं या कृती. राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं, मालकीचं असणं या स्थिती. ‘वी यूज्ड टू लिव्ह इन वाई’ बरोबर, ‘वी वुड लिव्ह इन वाई’ चूक. म्हणजे वाक्य उभं राहतं, पण ‘आम्ही वाईला राहिलो असतो’ असा भलताच अर्थ घेऊन. ‘यूज्ड टू’ला ही अट नाही. तो कृतीही सांगतो आणि स्थितीही.

हा फरक परका वाटतो, पण तो आपल्या भाषेतही आहे. कुठलीही जुनी गोष्ट आठवा. एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, तो रोज शिकारीला जाई. ‘एक राजा असे’ असं कुणी म्हणत नाही. राजाचं असणं ही स्थिती, ती ‘होता’वर भागते, शिकारीला जाणं ही पुन्हा पुन्हा होणारी कृती, तिला ‘जाई’ लागतं. त्याचप्रमाणे ‘आमच्या घरामागे विहीर होती’ म्हणतो, ‘विहीर असायची’ म्हणत नाही. ‘असायची’ म्हटलं तर विहीर सकाळी असायची आणि दुपारी उठून जायची असं वाटेल. ‘दुकान रविवारी बंद असायचं’ मात्र चालतं, कारण ते दर रविवारी नव्याने बंद होत होतं.

म्हणून मराठी माणसाला एक बऱ्यापैकी भरवशाची कसोटी हाताशी आहे. मनातलं वाक्य ‘जाई, करी, बसे’ या थाटात सांगून बघायचं. गोष्टीसारखं वाटलं तर तिथे ‘वुड’ शोभेल. मनात ‘होता, होती’ आलं तर ‘वुड’ नको, ‘यूज्ड टू बी’ किंवा साधा ‘वॉज’ घ्यायचा. ही कसोटी एका ठिकाणी मात्र फसते आणि ते ठिकाण नेहमीचं आहे. ‘मला भजी आवडायची’, ‘त्याला गाणं आवडे’ असं मराठीत खुशाल म्हणता येतं, कारण आपण आवडीलाही रीतीचं रूप देतो. इंग्रजी आवडीला स्थिती मानतं. तिथे ‘आय यूज्ड टू लाइक’ हवं. ‘आय वुड लाइक भजी’ म्हटलं की समोरचा भजी मागवायला उठेल.

नकारातही ‘वुड’ जपून. ‘शी वुडन्ट ईट’ याचा अर्थ ‘ती खात नसे’ असा क्वचितच लागतो. बहुतेक वेळा ‘ती खायलाच तयार नव्हती’ असा हट्टाचा अर्थ लागतो. आजी कांदा-लसूण खात नसे हे शांतपणे सांगायचं असेल तर ‘शी नेव्हर यूज्ड टू ईट’ म्हणावं, किंवा सरळ ‘शी डिडन्ट ईट’.

‘यूज्ड टू’चा नकार लिहिताना इंग्रजच अडखळतात. ‘डिडन्ट’ आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात जातं, म्हणून शेवटचा ‘डी’ गळायला हवा: ‘डिडन्ट यूज टू’. प्रश्नातही तसंच, ‘डिड यू यूज टू’. पण मघाशी पाहिलं तसं उच्चार ‘यूस्टु’ असाच होतो, ‘डी’ असो वा नसो. कानाला फरक कळत नसल्यामुळे इंग्रजी वर्तमानपत्रांतही तो ‘डी’ अधूनमधून डोकावतो. परीक्षेत गाळावा. बोलताना काळजी करू नये, कारण ऐकू येतच नाही.

यानंतर तिसरी गोष्ट, सवयीची. इथली गडबड व्याकरणाची कमी आणि ‘सवय’ या शब्दाची जास्त आहे, असं मला वाटतं. इंग्रजीची पुस्तकं सांगतात की ‘बी यूज्ड टू’ म्हणजे सवय असणे. ते खरं आहे, पण अर्धं. मराठीत ‘सवय’ दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. ‘मला रोज सकाळी फिरायला जायची सवय आहे’ यात सवय म्हणजे नेम, परिपाठ. ‘मला गर्दीची सवय आहे’ यात सवय म्हणजे सराव. गर्दीने मी गोंधळत नाही, मला ती नवीन नाही. पहिल्या सवयीत मी काहीतरी करतो. दुसऱ्या सवयीत काहीतरी माझ्यावर येतं आणि मी ते निभावतो. इंग्रजीतला ‘बी यूज्ड टू’ फक्त दुसऱ्या सवयीसाठी आहे.

त्यामुळे ‘आय ॲम यूज्ड टू गोइंग फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही इंग्रजी कानाला जरा विचित्र लागतं. त्यातून ‘रोज सकाळी फिरायला जावं लागतं खरं, पण आता त्याचं काही वाटत नाही’ असा सूर निघतो. सांगायचा नेम असेल तर ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’ म्हणून मोकळं व्हावं. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ हे मात्र बरोबर बसतं, कारण लवकर उठणं हा मुळात त्रास आहे आणि तो अंगवळणी पडला आहे. ‘अंगवळणी पडलंय’ हा वाक्प्रचार ‘बी यूज्ड टू’च्या ‘सवय’पेक्षा किती तरी जवळ आहे. तो चपखल बसला तर इंग्रजी रचनाही बसेल. फिरायला जाणं अंगवळणी पडलंय असं आपण सहसा म्हणत नाही. उशिरा येणारी लोकल अंगवळणी पडलीय असं म्हणतो.

आता त्या ‘आयएनजी’च्या शेपटाकडे. ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप’ का नाही, ‘टू’नंतर तर मूळ क्रियापद येतं ना, असं विचारलं जातं. उत्तर असं की इंग्रजीत दोन ‘टू’ आहेत. एक क्रियापदाच्या आधी येणारा, ‘टू गो, टू ईट’मधला. दुसरा नामाच्या आधी येणारा, ‘टू पुणे, टू द मार्केट’मधला. ‘बी यूज्ड टू’मधला ‘टू’ हा दुसरा आहे. त्याला पुढे नामच हवं: ‘यूज्ड टू द नॉइज, यूज्ड टू द कोल्ड, यूज्ड टू इट’. क्रियापद ठेवायचं असेल तर आधी त्याचं नाम करावं लागतं, आणि इंग्रजीत ते ‘आयएनजी’ने होतं.

हेही आपण मराठीत रोज करतो. ‘उठ’ची सवय असं कुणी म्हणत नाही. ‘उठणे’ असं नाम करतो, मग त्याला प्रत्यय लावतो: उठण्याची सवय, थांबण्याची सवय, ऐकून घेण्याची सवय. ‘गेटिंग’मधला ‘आयएनजी’ आणि ‘उठण्याची’मधला ‘ण्या’ एकच काम करतात. जिथे ‘उठण्याची, जाण्याची, राहण्याची’ असं येईल तिथे ‘आयएनजी’. जिथे नुसतं ‘उठायचो, जायचो, राहायचो’ असेल तिथे मूळ क्रियापद. शंका आली तर क्रियापदाच्या जागी ‘इट’ घालून बघावं. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ छान वाटतं, म्हणजे पुढे नाम बसतं. ‘आय यूज्ड टू इट’ म्हटलं तर वाक्य लंगडतं. पत्राच्या शेवटी येणाऱ्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ याच जातीचा आहे, म्हणून तिथेही ‘सीइंग यू’ हवं, ‘सी यू’ नको.

‘बी यूज्ड टू’ काळाच्या बाबतीत मोकळा आहे, कारण त्यातला ‘यूज्ड’ क्रियापदासारखा वागतच नाही. तो ‘सरावलेला’ असं विशेषण आहे. काळ बदलतो तो ‘बी’चा: ‘वॉज यूज्ड टू’ म्हणजे सवय होती, ‘विल बी यूज्ड टू’ म्हणजे सवय झालेली असेल. आणि सवय होण्याची क्रिया सांगायची असेल तर ‘बी’च्या जागी ‘गेट’ येतो. मराठीत ‘सवय आहे’ आणि ‘सवय झाली, होतेय, होईल’ यांत जो फरक आहे तोच: ‘गॉट यूज्ड टू’, ‘गेटिंग यूज्ड टू’, ‘विल गेट यूज्ड टू’.

आता हे सगळं एकत्र घालून बघू. वाईहून लंडनला गेलेली एखादी बाई आठवणी लिहायला बसली आहे असं समजा. मराठीत ती लिहील:

आम्ही वाईला राहायचो. घरामागे विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं दुपारभर विहिरीत डुंबायचो. आजी काठावर बसून ओरडायची. मला पोहायला फार आवडायचं. एकदा भाऊ बुडता बुडता वाचला. त्या घरात आम्ही नऊ वर्षं राहिलो. मग लंडनला आलो. सुरुवातीला थंडीची सवय नव्हती, आता झालीय. पण डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो, त्याची सवय अजून होत नाही.

‘राहायचो’ ही स्थिती आहे आणि परिच्छेदाची सुरुवातही. दोन्ही कारणांनी इथे ‘वी यूज्ड टू लिव्ह इन वाई’ हवं. वाचक आता वाईत जाऊन बसला. विहीर ‘होती’, म्हणजे ‘देअर यूज्ड टू बी अ वेल’ किंवा ‘देअर वॉज अ वेल’. दोन्ही बरोबर, पण अर्थात थोडा फरक पडतो. ‘यूज्ड टू बी’ म्हटलं तर विहीर आता नाही, बुजवली असावी. ‘वॉज’ म्हटलं तर ती आजही असू शकेल. मराठी ‘होती’ हे उघड सांगत नाही. लिहिणारीला ठरवावं लागेल.

‘डुंबायचो’ आणि ‘ओरडायची’ या कृती, पुन्हा पुन्हा घडलेल्या, आणि सुट्टीचा काळ आधीच सांगून झालेला. इथे ‘वुड’ची जागा आहे: ‘वी वुड स्प्लॅश अबाउट ऑल आफ्टरनून’, ‘ग्रँडमदर वुड सिट ऑन द एज अँड शाउट’. दोन्हीकडे ‘यूज्ड टू’ घातलं तरी चूक नाही, पण ओळीने तीन-चार ‘यूज्ड टू’ आले की परिच्छेद जड होतो. एका ‘यूज्ड टू’ने दार उघडायचं आणि मग ‘वुड’ने आत फिरायचं, ही इंग्रजी आठवणींची नेहमीची चाल आहे. ‘वुड’चाही अतिरेक होतो. मधूनमधून साधा भूतकाळ घालावा. ‘एव्हरी आफ्टरनून वी स्वॅम’ म्हटलं तरी ‘एव्हरी’मुळे रीत कळतेच. खात्री नसेल तिथे हा साधा भूतकाळ कधीच दगा देत नाही. ‘आवडायचं’ला ‘वुड’ चालणार नाही हे आपण पाहिलं: ‘आय यूज्ड टू लव्ह स्विमिंग’.

भाऊ ‘एकदा’ बुडता बुडता वाचला. ‘एकदा’ आलं की रीत संपली; ‘यूज्ड टू’ही नाही आणि ‘वुड’ही नाही. ‘वन्स माय ब्रदर निअर्ली ड्राउन्ड’.

पुढचं वाक्य सगळ्यांत फसवं आहे. त्या घरात आम्ही नऊ वर्षं राहिलो. पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टू लिव्ह’ लिहिलं, मग इथे ‘वी यूज्ड टू लिव्ह देअर फॉर नाइन इयर्स’ का नको? कारण किती काळ किंवा एकूण किती वेळा हे मोजून सांगितलं की ती गोष्ट सुरुवात-शेवट असलेली, बंद झालेली होते, आणि ‘यूज्ड टू’ अशी मोजलेली गोष्ट घेत नाही. ‘वी लिव्ह्ड देअर फॉर नाइन इयर्स’ एवढंच. मराठीतही बघा: वर ‘राहायचो’ होतं, इथे लेखणीतून आपोआप ‘राहिलो’ उतरलं. ‘नऊ वर्षं राहायचो’ हे आपल्यालाही खटकतं. ‘तीनदा गोव्याला जायचो’ खटकतं, पण ‘वर्षातून तीनदा जायचो’ चालतं, आणि इंग्रजीतही नेमकं तसंच आहे: ‘यूज्ड टू गो थ्री टाइम्स’ नाही, ‘थ्री टाइम्स अ इयर’ चालेल. ज्या चुकीवर आपण इंग्रजीत सर्रास घसरतो, ती मराठीत आपण कधीच करत नाही.

मग लंडन. थंडीची सवय नव्हती: ‘वी वेअर नॉट यूज्ड टू द कोल्ड’. पुढे थंडी हे नाम आलं, शेपटाचा प्रश्नच नाही. आता झालीय: ‘वी आर नाउ’, इतकं पुरतं. आणि शेवटी चारच्या आधीच मावळणारा सूर्य: ‘वी स्टिल हॅवन्ट गॉट यूज्ड टू द सन सेटिंग बिफोर फोर’. मावळणं हे क्रियापद, म्हणून ‘सेटिंग’, ‘मावळण्याची सवय’. इथे ‘वी डिडन्ट यूज टू’ लिहिलं तर अर्थ पार उलटेल. डिसेंबरातला लंडनचा अंधार ही बाई आजही सोसते आहे, आणि वाक्य मात्र ‘पूर्वी असं करत नसू’ असं काहीतरी सांगत बसेल.

या दोघांचा फरक तुटक उत्तरांतही दिसतो. इंग्रज माणसाला ‘डू यू स्मोक?’ असं विचारलं तर तो ‘नो, बट आय यूज्ड टू’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. ‘टू’नंतरचं क्रियापद गिळतो, पण ‘टू’ गिळत नाही. आपल्याकडे ‘नो, बट आय यूज्ड’ असं ऐकू येतं, तेव्हा ऐकणाऱ्याला ‘काय वापरलंस?’ असं विचारावंसं वाटतं. त्याच माणसाला शेजारच्या पोरांच्या आरडाओरड्याबद्दल विचारलं तर तो म्हणेल ‘आय ॲम यूज्ड टू इट’. इथे मात्र त्याला ‘टू’वर थांबता येत नाही, ‘इट’ म्हणावंच लागतं.